तणसाचे गठ्ठे घेताना शेडची मागची भिंत आधी बघा: माझे 49,760 रुपये गेले

हे लिहायला मला सहा महिने लागले. लाज वाटत होती. नागपूरच्या बाहेर मी आणि माझी बायको मिळून 22 म्हशी सांभाळतो, 19 वर्षं हेच करतो आहोत, आणि तरीही एका तणसाच्या व्यापाऱ्यानं भर दुपारी, माझ्याच हातात टेप देऊन मला फसवलं. पण परवा ओळखीच्या एका दूधवाल्यानं "शेड उधळी घेतोय, स्वस्तात मिळतंय" म्हटल्यावर, म्हणजे एकेक नग न मोजता सगळा माल एकदमच, राहवलं नाही.

एप्रिलची गोष्ट. कुटार महाग झालं होतं, आणि नवीन धानाचं तणीस डिसेंबरच्या आत हाती येत नाही. मौद्याकडे एका व्यापाऱ्याच्या शेडमध्ये बेलरनं बांधलेले गठ्ठे आहेत असं कळलं. गठ्ठा तीन फूट लांब, दीड फूट रुंद, 14 इंच उंच. आमच्याकडे बेलरवाले सहसा याच्याच आसपास बांधतात. वजन साधारण 16 किलो. भाव 80 रुपये नग. भाव बरोबर होता, माल समोरून पिवळाधमक होता. एक गठ्ठा ओढून सुतळी कापून बघितली. कोरडा, वासही चांगला. मालात खोट नव्हती हे मी आजही म्हणतो. खोट मोजणीत होती.

शेड एकपाखी. पुढची बाजू उघडी, 42 फूट लांब. खोली 21 फूट. गठ्ठे समोरून बघितले की लांबी दिसायची, म्हणजे एका आडव्या रांगेत 14. उंचीला 11 थर, ते मी स्वतः खालून वर बोट दाखवत मोजले. आत दीड-दीड फुटाच्या 14 रांगा बसतात. व्यापारी म्हणाला, "भाऊ, एका थरात 14 गुणिले 14, 196. असे 11 थर. तुम्हीच करा न हिशेब." मी मोबाइलवर केला. 2156. तो लगेच म्हणाला, "वरचे 56 सोडा, 2100 चेच पैसे द्या." एक लाख अडुसष्ट हजार. मला वाटलं, माणूस दिलदार आहे.

इथंच मी गेलो. त्या 56 गठ्ठ्यांच्या सुटीनं माझं डोकं बंद झालं. कोणी मोजणीवर आपणहून सूट देतो तेव्हा ती मोजणी आपण परत तपासत नाही, आणि हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

आता ऐका, काय दिसलं होतं आणि मी काय बघितलं नाही. खोली मोजायला मी टेप घेऊन बाजूनं मागे गेलो होतो. मागच्या भिंतीला एक शेळी बांधलेली होती, आणि पत्र्याची कड पुढच्यापेक्षा बरीच खाली आलेली होती. पुढे 14 फूट उंच असलेलं छत मागे 9 फुटांवर आलं होतं. मी ते डोळ्यांनी बघितलं. पाण्याचा उतार, असं मनात म्हटलं आणि 21 फूट लिहून पुढे आलो. सोबत आलेला माझा चुलतभाऊ बोललाही, "दादा, मांगून लय उतार हाय." मी त्याला म्हटलं, "शेडले उतार राह्यतेच." त्याची अजून मला नजर चुकवावी लागते.

अहो, छत पाच फूट खाली आलं तर मागे 11 थर उभे राहतील कुठे? 9 फूट म्हणजे 108 इंच. 14 इंचाचे सात थर झाले की 98 इंच होतात, आठवा बसतच नाही. पुढे 11, मागे 7, सरासरी 9. एका थराचे 196, म्हणजे 1764. नंतर रात्री कागदावर एकेका रांगेची उंची काढून बेरीज केली, तर पहिल्या तीन रांगांत 11 थर, पुढच्या तीनमध्ये 10, मग तीनमध्ये 9, चारमध्ये 8 आणि शेवटच्या एका रांगेत 7. सगळे मिळून 1806. म्हणजे शेड ठासून भरलेली असती तरी 2156 बसणं शक्यच नव्हतं. 350 गठ्ठे नुसत्या उतारात गेले. चौथीच्या पोराला येईल असं गणित, आणि मी ते 49,760 रुपये गेल्यावर केलं.

आणि शेड ठासून भरलेली नव्हतीच.

आयशर ठरवली. एका फेरीत 24 चे आठ थर, 192 गठ्ठे. 2100 ला 11 फेऱ्या लागणार म्हणून गाडीवाल्याशी 11 फेऱ्यांचं बोलणं केलं. इसार 20,000 आधीच फोनवरून पाठवला होता. दोन फेऱ्या झाल्यावर व्यापाऱ्याचा फोन, पोरीचं लग्न आहे, बाकीचे आजच द्या. 384 गठ्ठे घरी उतरलेले, गाडी रोज जाते आहे, माल चांगला निघतो आहे. मी 1,48,000 रोख नेऊन दिले. लग्नाचं नाव घेतल्यावर नाही म्हणणारा माणूस मला दाखवा.

चौथी फेरी भरत आली तेव्हा समोरच्या पाच रांगा संपल्या, आणि हमालानं आवाज दिला, "मालक, अंदर पोकळ हाय." आत गेलो. दोन्ही बाजूला तीन-तीन गठ्ठ्यांच्या भिंती उभ्या होत्या, आणि मधल्या आठ गठ्ठ्यांच्या जागेत सहा रांगांपर्यंत खाली जुनं काळं पडलेलं सुटं तणीस, त्यावर बांबू, बांबूवर गंजलेले पत्रे, आणि पत्र्यांवर फक्त दोन थर गठ्ठे. समोरून साडेसात फूट जाडीची भरीव भिंत होती, त्यामुळे बाहेरून काही कळायला मार्ग नव्हता. थप्पी छताला अगदी टेकलेली, वर चढून बघायलाही जागा नाही. ते मी भरगच्च मालाचं लक्षण समजलो होतो. आता म्हणतो, जी थप्पी वरून बघता येत नाही ती नगावर उधळी घेऊच नका. घ्यायचीच असेल तर समोरच्या मधल्या रांगांतले वरचे दोन-तीन थर ओढायला लावा, माणूस आत सरकेल एवढे, आणि तिथून चार फुटी सळई खाली घाला. माझ्या वेळी ती पत्र्यावर टणकन वाजली असती. विकणारा "माल विस्कटतो" म्हणाला तर घरी या.

आठव्या फेरीला गाडीत 134 गठ्ठे आले आणि शेडची जमीन दिसली. एकूण 1478. 2100 मधून 622 कमी. 80 रुपयांनी 49,760. शिवाय खालचा थर सरळ मातीवर रचलेला होता, त्यातल्या बऱ्याच गठ्ठ्यांना बुरशी होती, ते मी म्हशींना घातले नाहीत. ते या हिशेबात धरलेले नाहीत.

मी लगेच गेलो. तो म्हणाला, "तुम्हीच मोजले न भाऊ, मोबाइल तुमच्याच हातात होता." आणि चिठ्ठी दाखवली. चिठ्ठीवर त्याच्याच अक्षरात, "तणीस, अंदाजे 2100 नग, जागेवर जसे आहे तसे." तो "अंदाजे" शब्द मी वाचला होता. सगळेच लिहितात म्हणून सोडून दिला. कृपा करून सोडू नका. "अंदाजे" खोडायला लावा, त्याजागी "गाडीत भरताना मोजून" लिहून घ्या, आणि पैसे फेरीगणिक द्या. तयार नसेल तर किमान शेवटच्या तीन फेऱ्यांचे पैसे हातात ठेवा.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी साहेबांनी चिठ्ठी वाचली, परत दिली आणि म्हणाले, "हे दिवाणी आहे, कोर्टात जा." मी म्हटलं, साहेब, बांबू आणि पत्रे लावून आत पोकळी केली आहे, हे अंदाज चुकणं नाही. फोटो दाखवले. जुनं 420 म्हणा, आता भारतीय न्याय संहितेचं 318 म्हणा, फसवण्याच्या इराद्याबद्दलच ते कलम आहे ना? ते म्हणाले, शेड रिकामी झाली, आता पंचनामा कशाचा करू? मग तिसऱ्या दिवशी, बीट कोणाचं यावरून दुसऱ्या ठाण्यात पाठवलं. तिथं अर्ज घेतला, पोच दिली, बस्स. त्या पोचेवर चार वेळा गेलो, 22 म्हशींचं दूध बायकोवर सोडून. मापाची तक्रार घेणाऱ्या एका कार्यालयात सांगितलं की काट्यावर वजन केलं असतं तर बघितलं असतं, गठ्ठे मोजणं आमचं काम नाही. ग्राहक आयोगाचं विचारलं तर एक कारकून म्हणाला, तुम्ही धंदेवाले, तुमचं इथं चालत नाही. हे खोटं आहे. स्वतःच्या पोटासाठी स्वतः राबून धंदा करणाऱ्याला 2019 च्या कायद्यात ग्राहकच धरलं आहे. वकिलानं ते कलम काढून दाखवलं तेव्हा त्या कारकुनाचा मला फार राग आला. माझे दोन महिने त्यानं एका वाक्यात घालवले.

हमालांची मोजणी कोणी पुरावा म्हणून धरायला तयार नव्हतं, याचं मला सगळ्यात वाईट वाटतं. हमालाला नगाला सहा रुपये मिळतात. 1478 नगांचे 8,868 रुपये मी त्यांना दिले, त्यांच्या वहीत प्रत्येक फेरी लिहिलेली आहे. आपली मजुरी एका गठ्ठ्यानं कमी कोण लिहील? त्या वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून, खाली हमालाची सही घेऊन ठेवा. मी ते फार उशिरा केलं. वकील म्हणतो त्यावरच आता आपलं सगळं अवलंबून आहे.

वजनाचं म्हणाल तर भरलेली गाडी धर्मकाट्यावरून न्या, रिकामीचं वजन वजा करा. 192 गठ्ठ्यांचे तीन हजार किलोच्या आसपास निघायला हवेत. खूप कमी निघालं तर गठ्ठे आखूड किंवा ढिले आहेत, कारण बेलरवर लांबी कमी-जास्त करता येते आणि नग मात्र तेवढेच दिसतात. खूप जास्त निघालं तर तणीस ओलं आहे, हात घालून बघा.

माझा हिशेब असा होता की 22 म्हशींना रोज 132 किलो लागतं, 2100 गठ्ठे 254 दिवस जातील, डिसेंबर निघेल. 1478 गठ्ठे 179 दिवसच पुरायचे होते, आणि बुरशीचे काढल्यावर सप्टेंबर संपायच्या आत कोठा रिकामा झाला. तणीस सगळ्यात महाग असतं नेमकं त्याच वेळी मला बाजारात उभं राहावं लागलं. या वेळी बायको सोबत आली. तिनं खडू घेऊन गाडीच्या फाळक्यावर पाच-पाचच्या रेघा मारल्या, आणि शेवटची रेघ मारून झाल्यावरच पर्समधून पैसे काढले.