डिस्ट्रिब्युटर बदलल्यावर काय टिकलं, काय गेलं: काही महिन्यांनंतरचा अनुभव

गाणी स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक अशा स्टोअरवर पोचवणारी कंपनी म्हणजे डिस्ट्रिब्युटर. पाच गाण्यांचा ईपी, म्हणजे छोटा अल्बम, आणि काही सुटी गाणी एका डिस्ट्रिब्युटरकडून दुसऱ्याकडे हलवली, त्याला आता काही महिने झालेत. स्पॉटिफायवरचे आकडे आणि प्लेलिस्टमधल्या जागा टिकल्या. ॲपल म्युझिकवर बऱ्यापैकी निभावलं. यूट्यूबवर मात्र नुकसान गृहीत धरूनच उतरावं.

डिस्ट्रिब्युटर बदलताना गाणं 'ट्रान्सफर' होत नाही. तसं बटण कुठेच नसतं. नवा डिस्ट्रिब्युटर तेच गाणं दुसऱ्यांदा पाठवतो आणि हे आधीचंच रेकॉर्डिंग आहे हे स्टोअरला ओळखावं लागतं. ओळख पटली तर दोन्ही प्रती जोडल्या जातात आणि प्लेची संख्या एकत्र दिसते. नाही पटली तर शून्यापासून सुरुवात. स्पॉटिफाय ही ओळख तीन गोष्टींवरून पटवतं: आयएसआरसी, ऑडिओ आणि मेटाडेटा, म्हणजे शीर्षक, कलाकाराचं नाव असे तपशील. तिन्ही जुळायला हवेत, एकट्या आयएसआरसीवर भागत नाही.

आयएसआरसी हा प्रत्येक रेकॉर्डिंगचा बारा अक्षरांचा कोड. जुन्या डॅशबोर्डवर प्रत्येक गाण्याच्या तपशिलात तो सापडतो. तिथे नसेल तर isrcsearch.ifpi.org वर कलाकाराच्या नावाने शोधता येतो. नव्या डिस्ट्रिब्युटरच्या फॉर्ममध्ये या कोडची चौकट बहुधा ऐच्छिक असते आणि गोम तिथेच आहे. रिकामी सोडली की नवा कोड आपोआप दिला जातो आणि जुन्या गाण्याशी नातं तुटतं. गाणं स्टोअरला गेल्यावर हा कोड सहसा दुरुस्त करता येत नाही, ती प्रत काढून पुन्हा पाठवावी लागते. म्हणून आधी सगळे कोड एका शीटमध्ये उतरवून घ्यावेत आणि तिथून कॉपी करूनच भरावेत. एका शून्याच्या जागी इंग्रजी ओ पडला तरी कोड वेगळाच होतो.

त्याच शीटमध्ये यूपीसी, मूळ प्रकाशनाची तारीख, कालावधी, शिवराळ किंवा अश्लील शब्द असल्यास लागणारा 'एक्स्प्लिसिट' शिक्का आणि जुन्या लिंक असाव्यात. यूपीसी हा संपूर्ण रिलीजचा क्रमांक. जुन्या डिस्ट्रिब्युटरने दिलेला यूपीसी नवा चालवून घेतो का, हे पैसे भरण्याआधी विचारावं. चालत असेल तर तोच ठेवावा. चालत नसेल तरी स्पॉटिफायवर गाणी जोडली जातात, कारण तिथली जोडणी गाण्याच्या पातळीवर होते. तारखेसाठी फॉर्ममध्ये 'आधी प्रकाशित झालेलं' असा पर्याय असतो. तो निवडून मूळ तारीखच द्यावी, नाहीतर जुनं काम प्रोफाइलवर नवं म्हणून वर येऊन बसतं.

ऑडिओसाठी आधी पाठवलेली तीच वेव्ह फाइल हवी. नवं मास्टरिंग केलेलं असेल तर ते वेगळं रेकॉर्डिंग मानलं जातं आणि त्याला वेगळा आयएसआरसी लागतो. स्थलांतराच्या निमित्ताने 'जरा आवाज वाढवून घेऊ' हा मोह टाळलेलाच बरा. शेवटची दोन सेकंदांची शांतता कापली तरी कालावधी बदलतो.

आता पाच गाण्यांच्या ईपीचं उदाहरण घेतो. नवी प्रत लाइव्ह झाली तेव्हा जुनी तशीच चालू ठेवली होती, आणि या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा नियम तोच आहे: नवी प्रत दिसून जुळेपर्यंत जुनीला हात लावायचा नाही. दोन्ही एकाच वेळी असताना प्रोफाइलवर कधी दोन दिसतात, कधी एकच. त्यामुळे प्रोफाइलवर विसंबू नये. दोन्ही अल्बमच्या थेट लिंक उघडाव्यात आणि गाण्यागणिक आकडे शेजारी शेजारी ताडून पाहावेत. जोडणी झालेली असेल तर दोन्हीकडे तीच संख्या दिसते. लगेच दिसेलच असं नाही, काही दिवस थांबावं लागतं. हजारापेक्षा कमी प्ले असलेल्या गाण्यांवर ही पडताळणी चालत नाही, कारण तिथे नेमका आकडा न येता दोन्हीकडे फक्त <1,000 येतं.

ईपीतल्या चार गाण्यांचे आकडे जुळले, तिसऱ्याचे जुळेनात. कोड तोच, फाइलही तीच. फरक नावात होता. जुन्या प्रतीत पाहुण्या गायिकेचं नाव गाण्याच्या शीर्षकातच लिहिलेलं होतं. नव्या डिस्ट्रिब्युटरच्या फॉर्मने ते शीर्षकातून उचलून सहकलाकाराच्या रकान्यात टाकलं. काही फॉर्म कॅपिटल अक्षरंही परस्पर बदलतात. सपोर्टला लिहून, स्टोअरवर आधी जसं दिसत होतं तसंच शीर्षक करून घेतलं. दुरुस्ती पोचल्यावर काही दिवसांत तोही आकडा जुळला. मगच जुनी प्रत काढण्याची विनंती टाकली.

हा क्रम उलटा केला तर मधल्या काळात गाणं प्लेलिस्टमध्ये राखाडी पडतं. जोडणी झाल्यावर ते पुन्हा वाजू लागतं खरं, पण प्लेलिस्ट सांभाळणारे लोक राखाडी गाणी साफ करतात आणि एकदा काढलेलं गाणं कुठलीही जोडणी परत आणत नाही. शिवाय स्पॉटिफायवर मागच्या बारा महिन्यांत किमान 1,000 प्ले असल्याशिवाय गाण्याला रॉयल्टी मिळत नाही. न जुळलेल्या प्रतीला ही मर्यादाही नव्याने गाठावी लागते. जुनी प्रत आधीच निघाली असेल आणि आकडे आलेच नाहीत, तर जुनी व नवी लिंक, आयएसआरसी आणि यूपीसी अशी यादी करून नव्या डिस्ट्रिब्युटरकडे तक्रार करावी. नुसतं 'प्ले गेले' लिहिलं तर छापील उत्तर येतं.

प्रोफाइलच्या बाबतीत एक खबरदारी. फॉर्म भरताना 'या स्टोअरवर आधीपासून आहे' हे निवडून spotify:artist: ने सुरू होणारी आपली ओळख आणि ॲपलचा कलाकार क्रमांक द्यावा. नुसतं नाव दिलं तर गाणी नामसाधर्म्य असलेल्या भलत्याच माणसाच्या पानावर जाऊ शकतात.

लिंकबद्दल अपेक्षा आवरत्या ठेवाव्यात. नवी प्रत म्हणजे नवी अल्बम लिंक. गाण्याच्या जुन्या लिंक जोडणीमुळे सहसा नव्या प्रतीकडे नेतात, अल्बमच्या जुन्या लिंकचा भरवसा धरू नये. जुन्या डिस्ट्रिब्युटरने बनवून दिलेली एकत्रित लिंकची पानं त्याच्याच ताब्यात असतात, म्हणून खातं बंद करण्याआधी बायो, व्हिडिओंची वर्णनं आणि वेबसाइट इथल्या लिंक बदलून घ्याव्यात. पुढच्यासाठी स्वतःच्या डोमेनवरून फिरवलेली लिंक द्यावी, म्हणजे पुन्हा बदलायची वेळ आली तर एकाच जागी दुरुस्ती पुरते.

यूट्यूब कलाकाराच्या नावाने आपोआप बनवतं त्या टॉपिक चॅनलवरचा व्हिडिओ नव्याने तयार होऊ शकतो आणि जुन्याचे व्ह्यूज त्यावर येतीलच असं नाही. कंटेंट आयडी ही आपलं गाणं वापरलेले व्हिडिओ ओळखणारी यूट्यूबची यंत्रणा. तिचा क्रम तर बाकीच्या उलट आहे: आधी जुन्याकडून मालकी सोडवून घ्यायची, मगच नव्याकडे सुरू करायचं. दोघांचाही दावा एकाच वेळी राहिला तर मालकीचा वाद उभा राहतो आणि तो मिटेपर्यंत पैसे अडकतात. छोट्या व्हिडिओंच्या ॲपवर जुन्या ऑडिओवर लोकांनी बनवलेले व्हिडिओ असतील, तर तो ऑडिओ निघाल्यावर त्यांचा आवाज बंद होऊ शकतो. एखादं गाणं तिथेच चालत असेल तर ते सर्वांत शेवटी हलवावं.

जुनं खातं घाईने बंद करू नये. स्टोअरचे हिशेब दोन-तीन महिने मागून येतात आणि बऱ्याच ठिकाणी खात्यात किमान रक्कम जमल्याशिवाय पैसे काढता येत नाहीत. वार्षिक वर्गणी असेल तर नूतनीकरणाच्या किमान दीड-दोन महिने आधी काम सुरू करावं. काही ठिकाणी वर्गणी संपली की गाणी आपोआप उतरतात आणि दोन्ही प्रती एकत्र ठेवायला वेळच उरत नाही. सहकलाकारांचे वाटे नव्या ठिकाणी आपोआप येत नाहीत, ते पहिल्या हिशेबाच्या आत पुन्हा भरावे लागतात.