गाईडच्या मीटिंगचं रेकॉर्डिंग करून त्यातून डेडलाईन काढणं: वर्षभराच्या वापरानंतर

मी सोशल सायन्सला पीएचडी करतेय. मॅडमना विचारूनच फोनवर मीटिंग रेकॉर्ड करते, मग अ‍ॅपकडून मराठी टेक्स्ट करून घेते. वर्षभर हेच चाललंय म्हणून लिहितेय.

टेक्स्ट बऱ्यापैकी येतं, पण त्याच्यावर विसंबून डेडलाईन लिहू नका. 'अडीचशे सॅम्पल'चं 'दोनशे' होतं, आणि वाक्याच्या शेवटचं 'नको' हळू बोललं की गायबच, म्हणजे 'तो चॅप्टर आत्ता नको'चा अर्थ पार उलटा. त्यामुळे टेक्स्ट फक्त जागा शोधायला वापरते, आकडा आणि 'नको-हवं' कानानेच ऐकते. शीटमध्ये रेकॉर्डिंगचं मिनिट, मॅडमचे शब्द जसेच्या तसे आणि त्यावरून काढलेली तारीख, एवढे तीनच कॉलम.

खरी गंमत पुढे आहे. गाईड लोक तारीख सांगतच नाहीत! २०२५ च्या जुलैमधलं उदाहरण घ्या. बाराव्या मिनिटाला मॅडम म्हणाल्या 'गणपतीच्या आत लिटरेचर रिव्ह्यू दे'. गणपती २७ ऑगस्टला, म्हणजे निवांत. पण तिसाव्या मिनिटाच्या आसपास, भलत्याच विषयात, 'आरएसी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, रिपोर्ट पंधरा दिवस आधी ऑफिसला जायला हवा, रिव्ह्यू त्यातच टाक', आणि उठता उठता 'मला वाचायला आठवडा लागतो हं'. आता उलटं मोजा. आरएसी म्हणजे पीएचडीची प्रगती बघणाऱ्या सल्लागार समितीची बैठक, ती लवकरात लवकर धरली तर सोमवार २५ ऑगस्ट, पंधरा दिवस आधी म्हणजे १० तारीख, तो रविवार, शनिवारी राखीपौर्णिमा, म्हणजे ऑफिसला शुक्रवारी ८ लाच द्यायचा, आणि मॅडमच्या हातात १ ऑगस्टला. गणपतीच्या २७ वरून थेट १ वर आलो की!

म्हणून आता 'आधी', 'झाल्यावर', 'त्यातच' असे शब्द ऐकू आले की ती ओळ आधीच्या कुठल्या कामाला बांधलेली आहे ते शेजारीच लिहिते, कारण आरएसी पुढे ढकलली तर सगळ्याच तारखा हलतात. आणि एकच गोष्ट दोनदा आली तर नंतरची धरते. मॅडम सुरुवातीला 'पाच इंटरव्ह्यू कर' म्हणतात आणि वीस मिनिटांनी बोलता बोलता 'तीन पुरेत', तेही दुसऱ्याच संदर्भात.

'जमलं तर बघ' हे अजून नीट कळत नाही. काही गाईडांचं ते खरंच ऐच्छिक असतं, आमच्या मॅडमचं नसतं. अशा ओळींपुढे प्रश्नचिन्ह टाकते आणि त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारते, 'मॅडम, १ ऑगस्टला रिव्ह्यू, ८ ला रिपोर्ट ऑफिसला, इंटरव्ह्यू तीन, बरोबर ना?' यातला एखादा मुद्दा चुकला असेल तर त्यांचा फोनच येतो, नाहीतर अंगठा.

तासाभराच्या मीटिंगला एवढं सगळं करायला साधारण तेवढाच वेळ जातो. दर आठवड्याला दहा मिनिटं भेटणाऱ्यांना वहीच बरी.