डेंग्यूत सलाईन: ठरावीक वेगाने, की पीसीव्ही बघून?

रामबागेत माझं बारा खाटांचं नर्सिंग होम आहे. गणपती उठले की निम्म्या खाटा डेंग्यूच्या असतात. आमच्यासारख्या छोट्या ठिकाणी खरा प्रश्न सलाईन लावायचं की नाही हा नसतोच. ते कसं चालवायचं, हा असतो. दोन पद्धती मी स्वतः वापरल्या आहेत. पहिली म्हणजे मोठ्या माणसाला दिवसाला तीन लिटर, तासाला १२५ मिली, आणि एक बाटली संपली की दुसरी. दुसरी म्हणजे वजनाप्रमाणे जोरात सुरुवात करून पीसीव्ही, नाडी आणि लघवी बघत दर काही तासांनी वेग बदलत जायचं. धोक्याची लक्षणं तुम्हाला पाठ असतील. पोटदुखी, न थांबणाऱ्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती किंवा अस्वस्थपणा, आणि प्लेटलेट झपाट्याने उतरत असताना चढणारा पीसीव्ही.

पहिल्या पद्धतीची बाजू आधी सांगतो, कारण मी ती बरीच वर्षं वापरली. सिस्टरना ती एका वाक्यात समजते. साध्या सेटचे वीस थेंब म्हणजे एक मिली, तेव्हा मिनिटाला बेचाळीस थेंब लावले की झालं. रात्री कोणी उठवत नाही. नातेवाइकांनाही भरलेली बाटली लटकताना दिसली की बरं वाटतं. ज्याची रक्तवाहिन्यांतून गळती मुळात थोडीच आहे असा तरुण, धडधाकट पेशंट या पद्धतीने बराच होतो. त्यामुळे ती चुकीची आहे हे आपल्याला कळतही नाही.

मला ती सोडावी लागली ती एकाच गोष्टीपायी: बंद कधी करायचं हे त्या पद्धतीत कुठेच लिहिलेलं नसतं. गळती साधारण २४ ते ४८ तास चालते. ताप उतरतो त्या सुमारास ती सुरू होते आणि मग आपोआप थांबते. त्यानंतर फुफ्फुसाभोवती आणि पोटात साठलेलं पाणी रक्तात परत यायला लागतं. म्हणजे आतून पाणी येत असतं आणि वरून आपणही ओतत असतो. ठरावीक वेगाच्या बाटलीला यातलं काही कळत नाही. मग थांबायची खूण म्हणून प्रत्येकजण प्लेटलेट धरतो, ‘पन्नास हजार झाले की काढू’. पण प्लेटलेट सगळ्यात शेवटी सावरतात. आधी पांढऱ्या पेशी वाढतात, पीसीव्ही खाली येतो, भूक लागते, आणि प्लेटलेट मात्र दीड-दोन दिवस मागेच राहतात. ते दीड-दोन दिवस बाटली चालूच असते.

आमच्याकडे हे झालं ते ४६ किलोच्या, अठ्ठावन्न वर्षांच्या एका बाईंना. ताप उतरून तिसरा दिवस होता. प्लेटलेट बावीस हजार, रक्तस्राव कुठेच नाही. सलाईन तेच १२५ ने चालू. त्यात घरच्यांच्या आग्रहाने संध्याकाळी प्लेटलेटच्या चार पिशव्या चढवल्या. माझा हात तिथेही ढिला पडला, कबूल करतो. रक्तस्राव नसताना प्लेटलेट दिल्याने तो टळत नाही, हे सिंगापूर आणि मलेशियात झालेल्या २०१७ सालच्या अभ्यासात नीट दिसलं होतं, आणि पिशवीतलं पाणी तर मोजावंच लागतं. रात्री अडीचला सिस्टरचा फोन आला, “सर, आजी आडव्या पडत नाहीयेत, बसूनच आहेत.” श्वास मिनिटाला ३४, ऑक्सिजन ८८, कोरडा खोकला, मानेच्या शिरा फुगलेल्या. बाटली बंद केली, ऑक्सिजन लावला, फ्रुसेमाइड २० मिलिग्रॅम शिरेतून दिलं. पहाटेपर्यंत दीड लिटर लघवी झाली आणि त्या आडव्या झाल्या.

त्या बऱ्या होण्याच्या टप्प्यात होत्या, नाडी भरलेली होती, बीपी चांगलं होतं, म्हणून ते इंजेक्शन चाललं. हीच धाप गळती ऐन भरात असताना लागली असती तर तेच इंजेक्शन घातक ठरलं असतं, कारण तेव्हा पाणी फुफ्फुसाभोवती असतं आणि रक्तवाहिन्या रिकाम्या असतात. म्हणून धाप दिसली की मी आधी हातपाय गरम आहेत का बघतो आणि ताप उतरून किती तास झाले ते विचारतो. फ्रुसेमाइडचा विचार त्यानंतर.

दुसरी पद्धत कशी चालते ते एका पेशंटवरून सांगतो. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांनंतरची गोष्ट. चौतीस वर्षांचा माणूस, ६० किलो, तापाचा पाचवा दिवस. ताप पहाटे उतरला आणि घरचे खूश झाले, पण रात्रीपासून चार उलट्या आणि पोटात दुखणं. दोन दिवसांपूर्वी ओपीडीत पीसीव्ही ४० होता, तो आता ४७. बीपी १०८/८२, नाडी १०४, हात जरा गार. वरच्या-खालच्या बीपीतलं अंतर २६ होतं. ते वीसवर आलं असतं तर शॉक समजून वेगळाच हिशोब करावा लागला असता.

सकाळी अकराला रिंगर लॅक्टेट सुरू केलं, किलोला तासाला ५ मिली, म्हणजे तासाला ३००. दोन तासांनी पीसीव्ही ४४, नाडी ९२, हात गरम. वेग ३ मिलीवर आणला, तासाला १८०, चार तास. संध्याकाळी पाचला पीसीव्ही ४४ वरच होता आणि चार तासांत १५० मिली लघवी झाली होती. मला किलोला तासाला अर्धा मिली, म्हणजे त्याच्यासाठी तासाला तीसच्या आसपास पुरे असते. त्याहून बरीच जास्त व्हायला लागली तर ती बाटली कमी करायची खूण. वेग १२० केला.

रात्री दोनला मात्र पीसीव्ही ४८ झाला, नाडी १०६, आणि चार तासांत लघवी जेमतेम ६० मिली. पुन्हा दोन तास ३००, मग चार तास १८०, मग सकाळी आठपासून १२०. ठरावीक वेगाची बाटली इथे दुसऱ्या बाजूनेही चुकली असती. पहिल्या सहा तासांत त्याला १३२० मिली गेलं, १२५ च्या वेगाने ७५० च गेलं असतं.

दुपारी दोनला श्वास २४ आणि उजव्या फुफ्फुसाच्या तळाशी आवाज मंद झाला होता. नाडी आणि बीपी छान होते, म्हणून वेग ६० वर आणला. संध्याकाळी चार तासांत ४०० मिली लघवी, पीसीव्ही ४१, नाडी ६८, पायांना खाज, आणि त्याने पोहे-जिलबी मागितली. आठ वाजता बाटली काढली. तेहतीस तासांत एकूण ४८०० मिली गेलं. श्रीलंकेतल्या मार्गदर्शिकेत वजन पन्नास किलोपर्यंतच धरतात आणि या टप्प्यासाठी तोंडावाटचं धरून ४६०० मिलीचा कोटा देतात. त्या मापाने मी थोडा पुढेच गेलो होतो, आणि उजव्या बाजूचं ते पाणी बहुधा त्याचंच. पुढच्या वेळी रात्रीचे ते दोन तास कदाचित मी एकच करीन.

या पद्धतीचा त्रासही आहे. रात्री उठावं लागतं. पीसीव्ही दर वेळी बाहेरच्या लॅबला पाठवून भागत नाही. रिपोर्ट तीन तासांनी येतो, तोवर तो जुना झालेला असतो, आणि दोन लॅबच्या मशीनमध्ये दोन-तीनचा फरक सहज पडतो. शेवटी मी छोटं सेंट्रिफ्यूज घेतलं. बोटाला टोचून काचेच्या बारीक नळीत रक्त घ्यायचं, टोक मेणाने बंद करायचं, पाच मिनिटं फिरवायचं आणि पट्टीवर वाचायचं. सगळे आकडे एकाच यंत्राचे, त्यामुळे चढला की उतरला हे तरी खरं कळतं.

एक फसवी जागा मात्र लक्षात ठेवा. पीसीव्ही उतरला म्हणजे पेशंट सुधारलाच असं नाही. ४७ वरून ३६ झाला, पण नाडी १२० आणि पेशंट घाबराघुबरा असेल, तर तो आतून रक्त जात असण्याचा आकडा असतो. तिथे बाटली कमी किंवा जास्त करत बसू नका, त्याला रक्त लागतं. नाडी शांत, लघवी भरपूर आणि पीसीव्ही खाली, हे तिन्ही एकत्र दिसलं तरच हात आखडायचा.

ज्यांच्याकडे रात्री एकच सिस्टर आणि वीस पेशंट आहेत त्यांना दुसरी पद्धत घ्या असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. अर्धवट केलेली दुसरी पद्धत पहिलीपेक्षा बरी असेलच असं नाही. हृदयाचा किंवा किडनीचा पेशंट असेल तर मी दोन्ही सोडून आयसीयूत पाठवतो. आणि जाड माणसाला त्याच्या खऱ्या वजनाने नाही, उंचीला साजेशा वजनाने हिशोब लावतो. पण लघवी मोजायला भांडं आणि वेळ लिहायला कागद असेल, तर मला विचाराल तर दुसरीच.

त्या माणसाची बाटली काढली तेव्हा प्लेटलेट अठ्ठावीस हजार होते. त्याचे वडील दाराशीच उभे राहिले, “डॉक्टरसाहेब, इतके कमी असताना काढलीत?” मी त्यांना लघवीचं भांडं दाखवलं. त्यांना ते फारसं पटलं नाही, पण मुलगा जिलबी मागतोय हे मात्र पटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेटलेट एकतीस झाले, त्यानंतर चौपन्न.

पहिलीच पद्धत ठेवणार असाल तर निदान एक करा. ताप उतरल्याची वेळ, म्हणजे ३८ अंशांखाली आल्यावर पॅरासिटामॉल न देताही तो परत चढला नाही ती वेळ, ल्युकोप्लास्टच्या पट्टीवर लिहून स्टँडला चिकटवा आणि तिच्याखाली अठ्ठेचाळीस तासांनंतरची वेळ लिहा. आमच्या स्टँडवर ती पट्टी अजूनही लागते. रात्रीची नवी सिस्टर आली की ती आधी पट्टी वाचते, मग बाटली बदलायची की नाही ते विचारायला फोन करते.