'आहे'पासून 'पाहिजे'पर्यंत: ब्लॅकचा पूल की सर्लचा?

"सिगारेटने फुप्फुसं खराब होतात, म्हणून सिगारेट ओढू नये." ऐकायला बिनचूक वाटतं. पण पहिल्या अर्ध्यात नुसती वस्तुस्थिती आहे आणि दुसऱ्या अर्ध्यात उपदेश. 'फुप्फुसं जपावीत' हे मधलं वाक्य बोलणाऱ्याने मनातच ठेवलं. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७४० साली नेमकं यावर बोट ठेवलं. नीतीवर लिहिणारी मंडळी 'असं आहे' म्हणता म्हणता 'असं करावं'वर कधी येतात ते कळतही नाही. हा सांधा कशाने जोडला तेवढं तरी सांगा, असं त्याचं म्हणणं.

सांधा जोडून दाखवणारे दोन गाजलेले लेख १९६४ साली एकाच नियतकालिकात आले. एक तत्त्वज्ञ मॅक्स ब्लॅकचा, दुसरा तत्त्वज्ञ जॉन सर्लचा. दोन्ही पूल दिसायला सारखेच, पण तुम्हाला कुठे जायचंय यावर कोणता धरायचा ते ठरतं.

ब्लॅकचं उदाहरण बुद्धिबळाचं. फिशरला बोटविनिकवर मात करायची आहे. मात करण्याचा एकमेव मार्ग म्हणजे वजीर हलवणं. म्हणून फिशरने वजीर हलवायला पाहिजे. वरची दोन्ही वाक्यं वस्तुस्थितीची, खालचं 'पाहिजे'चं. यात चूक काढणं अवघड आहे.

मराठी माणसाने मात्र इथे जरा सावध राहावं, कारण आपल्याकडे 'मला चहा पाहिजे' आणि 'खरं बोलायला पाहिजे' यांत एकच शब्द आहे. इच्छा आणि कर्तव्य एकाच क्रियापदात नांदतात, त्यामुळे ब्लॅकचा पूल आपल्याला आहे त्यापेक्षा मजबूत भासतो. वजिराच्या जागी विष घालून बघा. एकाला शेजाऱ्याचा काटा काढायचा आहे, एकमेव मार्ग विषाचा, म्हणून त्याने विष घालायला पाहिजे. साचा तोच. म्हणजे ब्लॅकचं 'पाहिजे' कर्तव्य सांगत नाही, हेतूला धरून सल्ला देतं. हेतू चांगला की वाईट, हे त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे.

सर्लला याहून पक्कं काहीतरी हवं होतं, म्हणून त्याने वचनाचं उदाहरण घेतलं. त्याच्या पाच पायऱ्या अशा. जोन्स म्हणाला, "स्मिथ, मी तुला पाच डॉलर देण्याचं वचन देतो." म्हणजे जोन्सने वचन दिलं. म्हणजे त्याने स्वतःवर बांधिलकी घेतली. म्हणजे तो बांधील आहे. म्हणजे त्याने पाच डॉलर द्यायला पाहिजेत. इथे जोन्सच्या इच्छेचा प्रश्नच नाही. त्याला पैसे द्यायचे नसले तरी 'पाहिजे' सुटत नाही. ब्लॅककडे हे नाही, आणि माझ्या मते सर्लचा खरा फायदा हाच.

इंग्रज तत्त्वज्ञ आर. एम. हेअरने याला हरकत घेतली. वचन म्हणजे बांधिलकी हा नुसता शब्दाचा अर्थ नाही, तो एका खेळाचा नियम आहे. 'या खेळाचे नियम पाळावेत' हे मान्य असलेल्यालाच तो बांधतो, आणि ही मान्यता स्वतःच एक 'पाहिजे' आहे. सर्लचं उत्तर असं की तोंडाने वचन देणारा माणूस खेळात उतरलेलाच असतो. समोरासमोर शब्द देणाऱ्यापुरतं मला ते पटतं.

पण आपल्याकडचं एक उदाहरण चालवून बघू. साखरपुड्याच्या बैठकीत मुलीचे वडील चार माणसांदेखत म्हणतात, "पाच तोळे घालायचा शब्द देतो." शब्द दिला, बांधिलकी आली, म्हणून त्यांनी सोनं घालायला पाहिजे? पाचही पायऱ्या विनाअडथळा चढून होतात. कायदा मात्र १९६१ पासून सांगतो की हुंड्याचा करार रद्दबातल आहे आणि हुंडा देणंही गुन्हा आहे. सर्लची इथली पळवाट त्याच्या लेखातच आहे: 'बाकी सगळं समान असेल तर'. म्हणजे बांधिलकी उभी राहते, पण दुसऱ्या मोठ्या कारणापुढे मागे पडू शकते. ते कारण मोठं कशावरून, हे मात्र पाच पायऱ्यांतून निघत नाही. तिथे पुन्हा एखादं मूल्य बाहेरूनच आणावं लागतं.

तत्त्वज्ञ फिलिपा फूटने २००१ साली तिसरी वाट सुचवली: ओकच्या झाडाची मुळं खोल असायला हवीत असं आपण सहज म्हणतो, तसंच माणूस नावाच्या प्राण्याला जगायला विश्वास लागतो, म्हणून शब्द न पाळणं हे त्याच्यातलं व्यंग. कल्पना सुरेख आहे. पण प्रजातीचं भलं या एका माणसाने का बघावं, या प्रश्नापाशी माझी गाडी अडते.

तेव्हा हेतू आधीच पक्का असेल, म्हणजे डॉक्टरचा सल्ला किंवा परीक्षेची तयारी, तर ब्लॅक पुरतो. कुणी शब्द दिलाय, पद स्वीकारलंय, उधार घेतलंय, अशा ठिकाणी सर्ल घ्या. प्रथाच चूक आहे का हा वाद असेल तर दोघांनाही बाजूला ठेवा आणि सिगारेटच्या वाक्यात दडलं होतं तसं मधलं वाक्य उघडपणे मांडा. हुंड्याच्या बैठकीत ते असं असेल: 'मुलीच्या लग्नाला किंमत लावू नये.' मग भांडण त्यावर होऊ द्या.