तळाशी खुबा चिमटतो: पाय किती फाकवायचे, पंजे किती वळवायचे आणि स्क्वॉट नेमका कुठला?

स्क्वॉटमध्ये मांडी जमिनीला समांतर यायला लागली की जांघेत, अगदी पुढच्या घडीत, चिमटा बसतो. वर आलं की जातो. अशा माणसाला जिममध्ये सहसा तीन सल्ले मिळतात. एक म्हणतो पाय फाकव, दुसरा म्हणतो पंजे सरळच ठेव नाहीतर गुडघे जातील, तिसरा म्हणतो स्क्वॉट सोड आणि लेग प्रेस कर. पहिले दोन सल्ले कुणा ना कुणाला लागू पडतात, लेग प्रेसचं पुढे बघू. आपल्याला कुठला, ते ठरवण्यासाठी हा आढावा.

आधी दुखतं कुठे ते नीट बघा. मांडीच्या आतल्या बाजूला ताण येत असेल तर तो स्नायूचा ताण आहे, त्याचा इथे विषय नाही. चिमटा म्हणजे मांडीच्या हाडाची मान खुब्याच्या खोबणीच्या पुढच्या काठाला जाऊन टेकते आणि मधलं मऊ अस्तर दाबलं जातं. मान जाड असेल किंवा काठ पुढे आलेला असेल, तर ही टक्कर लवकर होते. हाडाची ठेवण ज्याची त्याची, त्यामुळे एकाच वस्तादाच्या हाताखालची दोन पोरं एकाच मापात उभी राहिली, तर एकाला काही होत नाही आणि दुसरा कळवळतो. इथे स्ट्रेचिंगचा उपयोग फार थोडा. दोन हाडं एकमेकांना टेकल्यावर गुडघा छातीशी जोरात ओढत बसलात तर उलट तेच अस्तर चेंगरतं.

सोलापुरात एक प्रश्न हमखास येतो: ‘मी रोज उकिडवा बसतो, तालमीत बैठका मारतो, तेव्हा काही होत नाही. मग रॉड खांद्यावर घेतल्यावरच का?’ उकिडवं बसताना कंबर मागून गोल होते, माकडहाड खाली वळतं आणि खोबणीचा काठ मांडीच्या वाटेतून बाजूला होतो. बैठकीत टाचा उचललेल्या असतात, गुडघे पुढे जातात आणि धड बऱ्यापैकी उभं राहतं. रॉड घेतल्यावर आपण छाती काढतो, कंबरेला बाक देतो आणि मागे बसतो. धड पुढे झुकतं, काठ मांडीच्या दिशेने येतो आणि तेवढ्याच खोलीला खुबा कितीतरी जास्त मिटतो. म्हणून पायांच्या अंतराला हात लावण्याआधी कंबरेचा तो जादा बाक काढून बघा. पोट घट्ट, बरगड्या खाली, एवढंच. काहींचा चिमटा इथेच निम्मा होतो.

अरुंद, मध्यम की रुंद

अरुंद म्हणजे टाचा नितंबांच्या रुंदीइतक्या अंतरावर आणि पंजे जवळपास सरळ. मध्यम म्हणजे टाचा खांद्यांच्या किंचित बाहेर आणि पंजे साधारण तीस अंश वळलेले. रुंद म्हणजे सुमोसारखं, पंजे चाळीस-पंचेचाळीस अंश.

चिमटणाऱ्या बहुतेक खुब्यांना मध्यम मानवतं. मांडी जरा बाहेर गेली आणि बाहेर फिरली की हाडाची मान काठाच्या बाजूने निघून जाते, समोर आदळत नाही. रुंद उभं राहिलं तर याहून जास्त जागा मिळेल असं वाटतं, पण तसं होत नाही. एका मर्यादेनंतर मांडी बाहेर जायची थांबते आणि चिमटा पुढून बाजूला सरकतो. शिवाय आतले स्नायू ओढले जातात, गुडघे आत पडायला लागतात आणि मिळवलेलं सगळं गमावतं. रुंद ठेवण मी फक्त त्याला सुचवतो ज्याला ती वजनाशिवाय, हात न टेकता, आरामात जमते.

अरुंद आणि सरळ पंजे कुणाला? ज्याची मांडी आतल्या बाजूला भरपूर फिरते पण बाहेर कमी फिरते त्याला. त्याने जबरदस्तीने पंजे तीस अंश वळवले तर पाऊल बाहेर, गुडघा आत अशी पिळवणूक होते. तुम्ही यातले कोण, ते असं कळतं: उंच टेबलाच्या कडेवर बसा, पाय लोंबकळू द्या, गुडघा जागेवर ठेवून पाऊल बाहेरच्या बाजूला झुलवा, मग आतल्या बाजूला. पाऊल बाहेर जातं तेव्हा मांडी आत फिरत असते, इथे गोंधळ होतो म्हणून मुद्दाम सांगतो. पाऊल बाहेर जेमतेम जात असेल आणि आत भरपूर येत असेल, तर पंजे वळवून उभं राहणं तुमच्या हाडाला धरून आहे. उलट असेल तर पंजे सरळकडे ठेवा.

अंतरासाठी दुसरी चाचणी. पाठीवर झोपून दोन्ही हातांनी गुडघा सरळ छातीकडे आणा. चिमटा आला की जरा सोडा आणि तोच गुडघा त्याच बाजूच्या काखेकडे न्या. चिमटा गेला तर पाय थोडे फाकवल्याने तुम्हाला फरक पडणार. दोन्हीकडे सारखाच आला तर पायांशी खेळत बसू नका, व्यायाम बदला.

अंश मोजायला फरशी पुरते. दोन चौकोनी फरश्या लांबीला आणि एक रुंदीला धरून जी तिरकी रेघ होते ती जवळपास सत्तावीस अंशांची. टाचेचा मध्य आणि अंगठ्याशेजारचं बोट त्या रेघेवर ठेवा. एका फरशीचा कर्ण म्हणजे पंचेचाळीस. पण पंजा वळवला एवढ्याने काम होत नाही. गुडघाही त्याच बोटाच्या दिशेने जायला हवा. जिममध्ये सगळ्यात जास्त बिघडतं ते इथेच: पंजे छान वळवलेले, पण वर येताना गुडघे आत. मग चिमटाही राहतो आणि गुडघाही कुरकुरतो.

रॉड, डंबेल की मशीन

पायांची जागा बदलून चिमटा कमी झाला पण गेला नाही, तर पुढचा प्रश्न धडाचा. रॉड पाठीवर जितका खाली तितकं धड पुढे झुकतं. म्हणून पॉवरलिफ्टिंगवाल्यांची लो बार पद्धत चिमटणाऱ्या खुब्याला सगळ्यात गैरसोयीची. रॉड मानेखाली वर ठेवला तर जरा बरं. वजन छातीपुढे आलं, म्हणजे फ्रंट स्क्वॉट किंवा डंबेल छातीशी धरून गॉब्लेट, की धड उभं राहतं आणि तेवढ्याच खोलीला खुबा कमी मिटतो. घोटा पुरेसा वाकत नसेल तर टाचेखाली दीड-दोन सेंटिमीटरची लाकडी पट्टी किंवा लहान प्लेट घ्या. सोलापुरात टॉवेलाला तोटा नाही, पण टाचेखाली गुंडाळी करून टॉवेल ठेवू नका. तो दबतो आणि वजन घेऊन उभं असताना तोल जातो.

गॉब्लेटची अडचण अशी की पायांना पुरेल एवढं वजन हाताला पेलत नाही. तिथे मी स्प्लिट स्क्वॉटकडे वळतो, मागचा पाय बाकावर ठेवूनही चालेल. एका पायावर काम असल्याने कमी वजनात मांडी भरते आणि धड सरळ ठेवता येतं. दोन खुब्यांची ठेवण वेगळी असेल तर प्रत्येकाला आपापली वाट मिळते. तोल सांभाळायला पहिले काही दिवस एका हाताने खांब धरा, त्यात कमीपणा नाही.

लेग प्रेसबद्दल माझं मत स्पष्ट आहे: चिमटणाऱ्यासाठी तो सुरक्षित पर्याय नाही. पाठ टेकलेली, मांड्या पोटाकडे येतात, वर प्लेटांचा भार. खुबा इथे स्क्वॉटपेक्षाही जास्त मिटू शकतो. करायचाच असेल तर पाठीचा टेकू जास्तीत जास्त मागे झुकवा, पाय थोडे फाकवा, पावलं फळीवर फार वर ठेवू नका आणि नितंब गादीवरून सुटायच्या आधी थांबा.

एक उदाहरण

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाला बसणारा, तिशीतला, लांब मांड्यांचा एक जण. ऐंशी किलोला उजव्या जांघेत चिमटा. टाचांत अंतर ३८ सेंटिमीटर, पंजे दहा अंश, रॉड बराच खाली. टेबलावर बसवलं तर उजवं पाऊल बाहेर डाव्यापेक्षा स्पष्ट कमी जात होतं. काखेकडे गुडघा नेल्यावर चिमटा गेला. म्हणजे अंतर आणि पंजा, दोन्ही बदलायला आधार होता.

बदल एकदम केले असते तर कशाने फरक पडला ते कळलं नसतं. आधी रिकाम्या रॉडने फक्त अंतर ४८ केलं: दहापैकी सहाचं दुखणं चारावर आलं. मग पंजे फरशीच्या रेघेवर: दोन. उजवा पंजा डाव्यापेक्षा किंचित जास्त वळू दिला, पाच अंशांचा फरक चालतो. उरलेले दोन गेले ते रॉड बाजूला ठेवून सोळा किलोचा डंबेल छातीशी घेतल्यावर. मागे बाक ठेवला, त्यावर रबरी प्लेट टाकून उंची अशी केली की चिमटा सुरू व्हायच्या दोन बोटं वर नितंब टेकतील. आठाचे तीन सेट, खाली जाताना तीन सेकंद, बाकावर आदळायचं नाही. नितंब आणि मांड्यांच्या मागच्या बाजूसाठी रोमानियन डेडलिफ्ट चालू ठेवली, कारण तिथे खुबा तळापर्यंत मिटत नाही आणि त्याला त्रासही नव्हता.

पुढे जायचं की नाही, हे दुसऱ्या दिवशी सकाळी ठरायचं. व्यायामात दुखणं दोनपर्यंत आणि सकाळी गाडीवर टांग टाकताना काही जाणवत नसेल तर पुढच्या वेळी वजन; जाणवलं तर बाक एक प्लेट उंच. दीड-दोन महिन्यांत तो फ्रंट स्क्वॉटवर आला. मांडी समांतर होण्याच्या जरा वर थांबतो. स्पर्धेत उतरणार नसेल त्याने समांतरचा हट्ट धरायचं मला कारण दिसत नाही.

एक्स-रेची घाई अनेकांना असते. हाडाची अशी ठेवण काहीही न दुखणाऱ्यांच्या एक्स-रेतही सर्रास दिसते. म्हणूनच खुब्याच्या या चिमट्याबद्दलच्या २०१६च्या वॉरविक करारात तज्ज्ञांनी तक्रार, तपासणी आणि चित्र या तिन्हींचा मेळ बसला तरच हे निदान करायचं असं ठरवलं. पण काही बाबतींत डॉक्टरांकडे जायला थांबू नका: खुबा अडकतो किंवा निसटल्यासारखा होतो, रात्री झोपेत जांघ ठणकते, चालताना लंगडतो, खोकल्यावर जांघेत फुगवटा येतो. ज्यांनी पूर्वी बरेच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या-इंजेक्शनं घेतली आहेत किंवा दारू जास्त आहे, त्यांच्या जांघेतलं दुखणं खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटल्याचंही असू शकतं. ते सुरुवातीला साध्या एक्स-रेत दिसत नाही, एमआरआय लागतो. तो होईपर्यंत वजन घेऊन स्क्वॉट करू नका, कुठल्याच अंतराने.