एक रासायनिक गळती, तीन वादी: उपद्रवाचा दावा लावावा की कठोर दायित्वाचा?

एका कारखान्याच्या आवारात हायड्रोक्लोरिक आम्लाची मोठी टाकी आहे, असे समजू. टाकी पोलादी असून तिला आतून रबराचे अस्तर दिलेले आहे. तिच्या तळाशी असलेल्या नळाच्या जोडणीतून सहा महिने आम्ल ठिबकत राहते आणि मातीत मुरते. मग एका दमट रात्री त्याच नळावरचा व्हॉल्व्ह निकामी होतो, आम्लाच्या वाफा ओल्या हवेत मिसळून पांढरट धुके तयार होते आणि ते वाऱ्याबरोबर कुंपणापलीकडे जाते. शेजारच्या घरमालकिणीच्या लोखंडी जाळ्या व गच्चीवरचे पत्रे खराब होतात. तिच्याकडे चार दिवसांसाठी आलेल्या भाच्याच्या फुप्फुसांना इजा होते. पलीकडच्या शेतकऱ्याच्या टोमॅटोची पाने कडांकडून करपतात, रोपवाटिकेतली नाजूक फुलझाडे मरतात, आणि सहा महिन्यांच्या मुरलेल्या आम्लाने त्याच्या विहिरीचे पाणी पिकांसाठी निरुपयोगी होते.

अपकृत्य कायद्याच्या, म्हणजे एकाने दुसऱ्याच्या केलेल्या हानीची दिवाणी दाद देणाऱ्या कायद्याच्या, उत्तरपत्रिकेत आणि दाव्याच्या मसुद्यातही इथे एक चूक हमखास होते. हानी एकच, म्हणून दावाही एकच धरला जातो, आणि उपद्रव व कठोर दायित्व यांपैकी ‘जास्त बळकट’ कोणते, असा प्रश्न विचारला जातो. माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. आधी प्रत्येक वादीने काय गमावले ते पाहावे, मग ते नुकसान कोणत्या मार्गाने त्याच्यापर्यंत आले ते पाहावे. दावा त्यावरून ठरतो.

खासगी उपद्रव, म्हणजे वकील ज्याला न्युसन्स म्हणतात ते, मुळात जमिनीच्या उपभोगात केलेले अवाजवी विघ्न असते. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने 1865 मध्ये सेंट हेलेन्सच्या तांबे-भट्टीच्या प्रकरणात एक भेद केला आणि तो इथे फार उपयोगाचा आहे. केवळ वास, आवाज किंवा अस्वस्थता असेल, तर परिसर औद्योगिक आहे की नाही याला महत्त्व येते. पण भट्टीच्या धुराने झाडे जळली असतील, म्हणजे मालमत्तेलाच प्रत्यक्ष इजा झाली असेल, तर ‘हा भागच कारखान्यांचा आहे’ हा बचाव चालत नाही. करपलेली पाने, गंजलेल्या जाळ्या आणि बिघडलेली विहीर ही तिन्ही प्रत्यक्ष इजाच आहेत. त्यामुळे घरमालकीण आणि शेतकरी यांना परिसराच्या मुद्द्यावर घाबरण्याचे कारण नाही.

उपद्रवाच्या दाव्याची खरी ताकद मात्र भरपाईपेक्षा मनाई हुकुमात आहे. जोडणी अजूनही ठिबकत असेल, तर शेतकऱ्याला आधी ती थांबवून हवी असते, कारण पैसे मिळाले तरी विहीर रोज आणखी बिघडत राहील. चालू राहिलेल्या उपद्रवावर न्यायालय दुरुस्तीचा किंवा साठवण थांबवण्याचा आदेश देऊ शकते, आणि नुकसान दररोज नव्याने होत असल्याने दाव्याचे कारणही जिवंत राहते. म्हणून सहा महिन्यांच्या ठिबकण्यासाठी उपद्रव हाच पहिला दावा असावा.

त्याच्या उणिवाही लक्षात ठेवाव्या लागतात. इंग्लिश कायद्यात 1997 च्या कॅनरी व्हार्फ प्रकरणानंतर हे पक्के झाले आहे की, ज्याचा जमिनीत हक्क आहे किंवा ज्याचा तिच्यावर अनन्य ताबा आहे, त्यालाच खासगी उपद्रवाचा दावा लावता येतो. शेतकरी जमीन खंडाने कसत असला तरी त्याचा दावा टिकतो. भाचा पाहुणा असल्यामुळे त्याला या मार्गाने काहीच मिळत नाही, मग त्याची इजा सर्वांत गंभीर का असेना. मला हा परिणाम अन्यायकारक वाटतो, पण तो नियमातूनच येतो आणि मसुदा लिहिताना तो झाकता येत नाही. दुसरी अडचण एका रात्रीच्या धुक्याची. उपद्रव सहसा काही काळ टिकणाऱ्या स्थितीतून उद्भवतो. एकच घटना असेल, तर ती बेपर्वाईने ठेवलेल्या धोकादायक स्थितीतून उद्भवली, असे दाखवावे लागते. इथे ठिबकणारी जोडणी आधीपासून होती, म्हणून हे जमेल, पण सिद्ध करण्याचे काम वाढते.

आता कठोर दायित्व. या नियमाचा उगम पाण्यात आहे, रसायनात नाही. इंग्लंडमधल्या एका गिरणीमालकाने कंत्राटदारांकडून जलाशय बांधून घेतला. खाली जुन्या, वापरात नसलेल्या खाणीच्या वाटा होत्या, त्यांतून पाणी शेजारच्या खाणीत शिरले. 1866 मध्ये न्या. ब्लॅकबर्न यांनी सांगितले की, निसटली तर हानी करील अशी वस्तू स्वतःच्या हेतूसाठी जमिनीवर आणून साठवणाऱ्याने ती स्वतःच्या जोखमीवर ठेवावी. 1868 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने हा निर्णय कायम ठेवला आणि लॉर्ड केर्न्स यांनी जमिनीच्या ‘अनैसर्गिक वापरा’ची अट त्यात पक्की केली. मालकाने काळजी घेतली होती का, हा प्रश्न इथे येत नाही. आमच्या टाकीला हा नियम सहज बसतो: आम्ल आणून साठवले आहे, ते आवाराबाहेर गेले आहे, आणि लॉर्ड गॉफ यांच्या शब्दांत औद्योगिक आवारात मोठ्या प्रमाणात रसायने साठवणे हे अनैसर्गिक वापराचे जवळजवळ नमुनेदार उदाहरण आहे.

लॉर्ड गॉफ यांचे हे वाक्य 1994 च्या केंब्रिज वॉटर निकालातले आहे, आणि त्याच निकालाने या नियमाला सर्वांत मोठी मर्यादाही घातली. कातडी कमावण्याच्या एका कारखान्यात परक्लोरोइथीन हे द्रावक थोडे थोडे फरशीवर सांडत होते. ते जमिनीतून झिरपत एका पाणीपुरवठा कंपनीच्या कूपनलिकेत पोहोचले. कंपनी हरली. न्यायालयाने म्हटले की, ज्या प्रकारची हानी झाली ती त्या काळी कारखान्याला दिसू शकली पाहिजे होती. अनेकजण इथे घसरतात, म्हणून थोडे थांबून सांगतो: वस्तू निसटेल की नाही याचा अंदाज येणे ही अट नाही, ती निसटल्यास अशा प्रकारची हानी होईल याचा अंदाज येणे ही अट आहे. निसटण्याचा अंदाज मागितला, तर दायित्व पुन्हा हयगयीच्या दाव्यात बुडून जाईल. हायड्रोक्लोरिक आम्ल मातीत मुरले तर भूजल बिघडते आणि त्याच्या वाफांनी पाने जळतात, हे आज रसायन हाताळणाऱ्या कोणालाही कळते. केंब्रिजमधला कारखाना ज्या अज्ञानामुळे सुटला, ते आमच्या प्रतिवादीला उपलब्ध नाही. उपद्रवालाही हीच अट लागू आहे, त्यामुळे या मुद्द्यावर दोन्ही दावे सारखेच उभे राहतात.

कठोर दायित्वाचा फायदा एका रात्रीच्या धुक्याला होतो. एकाच वेळची गळती इथे पुरेशी असते. त्याच वेळी हा नियम अपवादांनी वेढलेला आहे: दैवी आपत्ती, त्रयस्थाचे कृत्य, वादीची संमती, वादीची स्वतःची चूक, कायद्याने दिलेली मुभा. कारखाना बहुधा त्रयस्थाचे नाव घेईल, म्हणजे व्हॉल्व्ह कोणी बाहेरच्याने छेडला असे म्हणेल. हे सिद्ध झाल्यास धुक्याचा दावा धोक्यात येईल. पण ठिबकण्याला हा बचाव पुरत नाही. 1940 च्या सेडली-डेनफील्ड प्रकरणानुसार त्रयस्थाने निर्माण केलेला उपद्रवही जागेच्या ताबेदाराला माहीत असून त्याने तो तसाच राहू दिला, तर तो जबाबदार ठरतो. म्हणून कारखान्याच्या देखभालीची नोंदवही मागवा. ‘टाकीखालची जोडणी ओली, पुढच्या बंदीत गॅस्केट बदलणे’ अशी एक ओळ तिच्यात निघाली आणि तिची तारीख गळतीच्या रात्रीपूर्वीची असेल, तर ती ओळ साऱ्या प्रकरणात सर्वांत मौल्यवान ठरेल.

भाच्याचे काय? 2003 च्या ट्रान्सको निकालात लॉर्ड हॉफमन यांनी कठोर दायित्व हे जमिनीविरुद्धचे अपकृत्य असल्याने त्यात शारीरिक इजेची भरपाई मिळत नाही असे मत दिले, आणि 1947 च्या रीड विरुद्ध लायन्स निकालातही अशी शंका आधीच आली होती. म्हणजे इंग्लिश कायद्याखाली त्याने हयगयीचा दावा लावावा, हाच सरळ सल्ला. टोमॅटो उचलणाऱ्या व्यापाऱ्याने त्याचा नफा बुडाला म्हणून येऊ नये, कारण 1966 च्या वेलर प्रकरणात गुरांच्या रोगाचा विषाणू निसटल्याने बाजार बंद पडला, तेव्हा लिलावदारांना जमिनीत हक्क नसल्याने काहीच मिळाले नव्हते. रोपवाटिकेतली नाजूक झाडे मात्र शेतकऱ्याने मागावीत. सामान्य पिकाचे नुकसान सिद्ध झाल्यावर नाजूक झाडांचेही नुकसान मिळू शकते, हे 1951 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ऑर्किडच्या एका दाव्यात मान्य केले आहे.

भारतात दावा असेल, तर तिसरा पर्याय विचारात घ्यावाच लागतो. दिल्लीत डिसेंबर 1985 मध्ये ओलियम वायूची गळती झाली, त्यावरील एम. सी. मेहता निकालात सर्वोच्च न्यायालयाने धोकादायक उद्योगावर निरपेक्ष दायित्व लादले. त्यात जुने अपवाद लागू नाहीत, आणि कारखान्यातले कामगार व भोवतालचे रहिवासी दोघेही संरक्षणात येतात. त्यामुळे भाच्याचा दावा इथे थेट उभा राहतो, आणि त्रयस्थाचा बचाव जागच्या जागी मिटतो. हे विधान प्रासंगिक मत आहे, म्हणजे निकालासाठी आवश्यक नसलेले आणि म्हणून बंधनकारक नसलेले मत आहे, अशी शंका पुढे घेतली गेली होती. 1996 च्या बिच्छडी प्रकरणात न्यायालयाने ती फेटाळली आणि ते तत्त्व बंधनकारक मानले. म्हणून भारतीय दाव्यात मी कठोर दायित्व पर्यायी म्हणून खाली ठेवीन आणि निरपेक्ष दायित्व वर घेईन. पण विहीर वाचवायची असेल, तर उपद्रव आणि मनाई हुकुमाची प्रार्थना सर्वांत आधी लिहीन, कारण दायित्व कितीही निरपेक्ष असले तरी ठिबकणे थांबवायला वेगळा आदेश लागतो.

हे सगळे पुराव्यावर टिकते, आणि शेतकऱ्याचा पुरावा फार लवकर नाहीसा होतो. करपलेली पाने काही दिवसांत गळून जातात, पावसाने माती धुतली जाते. म्हणून धुक्यानंतर शक्य तितक्या लवकर वाऱ्याच्या दिशेने ओळीने पानांचे व मातीचे नमुने घ्यावेत, कारखान्यापासून दूर जाताना जखम कमी होत जाते का ते नोंदवावे, आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजूच्या शेतातूनही एक नमुना घ्यावा. विहिरीच्या पाण्यात आम्लता व क्लोराइड मोजून घ्यावे आणि कारखान्याच्या वरच्या बाजूच्या एखाद्या विहिरीशी त्याची तुलना करावी. वरची विहीर स्वच्छ आणि खालची बिघडलेली निघाली, तर कारखाना ‘ही जमीनच खारट आहे’ असे म्हणू शकणार नाही.