आधी नावं की आधी कोड? कंपनीच्या ४० सीटांचं बुकिंग

शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फौंड्रीनं कोल्हापुरातल्या एका १० किमी रनसाठी ४० सीटा घेतल्या, तेव्हा एचआरनं एक्सेलमध्ये सगळी नावं भरून एकदम पाठवली. बिल एकच, काम एका दिवसात संपलं. पण शिफ्ट बदलल्या, ९ जण गळाले आणि बदली माणसांचं फक्त नाव बदललं, बाकी रकाने जुनेच राहिले. म्हणजे छातीवर लावायच्या नंबरच्या कागदावर, बिबवर, ब्लड ग्रुप आणि घरचा नंबर दुसऱ्याचाच, पळताना कोण पडलं असतं तर? शिवाय २६ वर्षांचा पोरगा निकालात पन्नाशीच्या गटात पहिला, खरा पहिला आलेला बिचारा मागं.

दुसरा मार्ग म्हणजे पैसे भरून आयोजकांकडून ४० कोड घ्यायचे, एकेक कोड टाकून ज्याचा त्यानं फॉर्म भरायचा. माहिती खरी येते, डिक्लेरेशनही स्वतःचं. त्रास एकच, लोक शेवटपर्यंत भरत नाहीत, रोज मागं लागावं लागतं आणि उरलेले कोड मुदतीनंतर वाया.

मला विचाराल तर १५-२० च्या वर माणसं असली की कोडच घ्या. यादीच द्यायची असेल तर बदली माणसाची अख्खी ओळ नवीन भरा, तीपण बिब छापायच्या आत.